तीन मिनिटांची धाव

महाविद्यालयातल्या टेक-फेस्टचं पहिलं वेळापत्रक बहुधा कॅन्टीनमध्येच ठरतं आणि तिथेच चुकतं. लाइन फॉलोअर स्पर्धेचंच घ्या. पांढऱ्या फ्लेक्सवर छापलेली काळी रेघ ओळखत छोटा रोबो धावतो. संघ 32, धाव 3 मिनिटांची, म्हणजे 96 मिनिटं. दहाला सुरू केलं की पावणेबाराच्या आत मोकळे! पण संघाला हाक मारणं, सेन्सर जुळवणं, गुण लिहून सही घेणं धरलं, तर संघामागे 7 मिनिटं सहज जातात. 32 गुणिले 7 म्हणजे 224 मिनिटं, पावणेदोन वाजणार. म्हणून आम्ही एकसारखे दोन ट्रॅक अंथरतो. काम 112 मिनिटांत उरकतं, मात्र परीक्षक आणि वेळ मोजणारेही दुप्पट लागतात. पहिले 8 संघ दुसऱ्या दिवशी अंतिम फेरीला. तेव्हा एकच ट्रॅक वापरायचा, दुसरा राखीव.

ट्रॅक मांडवात नको, हॉलमध्येच हवा. रोबोचे सेन्सर इन्फ्रारेड प्रकाश सोडतात आणि तो किती परत येतो यावरून काळं-पांढरं ओळखतात. उन्हातही इन्फ्रारेड असतोच. आदल्या संध्याकाळी सुरळीत पळालेला रोबो दुपारी तिरीप पडली की भलतीकडे वळतो. एकच रोबो चुकला तर दोष त्याचा. सगळेच एका वळणावर चुकू लागले, तर आधी खिडकी बघायची. तेव्हा पडदे ओढायचे, की धावा थांबवून ट्रॅक हलवायचा? हे ठरवणारा माणूस आधीच नेमलेला हवा. ‘समिती बघेल’ असं लिहिलेलं काम कुणीच बघत नाही. प्रत्येक कामासमोर एक नाव आणि तो जागेवर नसेल तर दुसरं नाव, एवढं पुरतं.

कोडिंग स्पर्धेत दुखणं वेगळं. लाइट गेली की यूपीएस नसलेले संगणक क्षणात बंद होतात. जनरेटर मिनिटभरात आला, तरी सगळे पुन्हा चालू होऊन मुलं कामाला लागेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं जातात. आमचा नियम असा: गेलेला वेळ वाढवून द्यायचा, पण अर्ध्या तासाहून जास्त गेला तर उरलेली स्पर्धा दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला. त्यासाठी नऊ ते दहा हा तास रिकामा ठेवायचा. तो पाहून कुणाला तरी हमखास एखादं भाषण सुचतं. तिथे मी हट्टाने नाही म्हणतो.

एका वर्षी लाइट गेली तेव्हा डिझेल काठोकाठ भरलेलं होतं, इलेक्ट्रिशियनही हजर होता. जनरेटरच्या खोलीची किल्ली मात्र वॉचमनच्या खिशात, आणि वॉचमन जेवायला घरी. तेव्हापासून आमच्या यादीत जनरेटरसमोर नाव आणि फोन नंबराच्या खाली आणखी एक रकाना असतो: किल्ली कुणाकडे.