ट्रायकडे जाण्याआधी डॉकेट क्रमांक

मोबाईल कंपनीने दाद दिली नाही की आपण म्हणतो, ‘आता ट्रायकडे तक्रार करतो.’ पण ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही; ती नियम करते. बँकांसाठी असतो तसा लोकपालही दूरसंचार क्षेत्रात नाही. दाद मागण्याची वाट ट्रायच्या २०१२च्या नियमांनी आखून दिली आहे आणि तिची सुरुवात कंपनीच्याच दारातून होते.

समजा, न मागितलेल्या सेवेचे पैसे बिलात लागले. १ जूनला तुम्ही १९८ या तक्रार क्रमांकावर फोन केला. इथेच बहुतेकांची गाडी अडते. माहितीसाठीच्या दुसऱ्या क्रमांकावर बोललात, तर तुमचे म्हणणे नुसती ‘विनंती’ म्हणून नोंदले जाऊ शकते आणि अपिलाला आधार उरत नाही. म्हणून फोन ठेवण्याआधी ‘ही तक्रार म्हणूनच नोंदवा, डॉकेट क्रमांक द्या’ असे स्पष्ट सांगा. तो क्रमांक एसएमएसने येतो. एसएमएसचा स्क्रीनशॉट ठेवा. बिलाच्या तक्रारीला चार ते सहा आठवडे लागू शकतात. पुन्हा फोन केलात तर जुनाच डॉकेट क्रमांक सांगा, नवी तक्रार नोंदवू देऊ नका. नाहीतर मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजली जाण्याचा धोका असतो.

२० जूनला ‘तक्रार निकाली काढली’ असा एसएमएस आला, पैसे मात्र परत मिळाले नाहीत. आता ३० दिवसांच्या आत, म्हणजे २० जुलैपर्यंत, कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जायचे. त्याचा ई-मेल पत्ता कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा tccms.trai.gov.in वर मिळतो. शुल्क काही नाही. अर्जात डॉकेट क्रमांक, बिलाची प्रत, वादातली रक्कम आणि नेमकी मागणी लिहा. अपिलालाही स्वतंत्र क्रमांक मिळतो. अपील २५ जूनला दिले, तर ३९ दिवसांत, म्हणजे ३ ऑगस्टपर्यंत, निर्णय यायला हवा. हे प्राधिकरण कंपनीचेच असते, पण त्याला सल्ला देणाऱ्या समितीवर ग्राहक संघटनेचा प्रतिनिधी असतो.

तरीही न्याय मिळाला नाही, तर दूरसंचार विभागाच्या तक्रार कक्षाकडे pgportal.gov.in वरून जाता येते. तिथे डॉकेट आणि अपील हे दोन्ही क्रमांक द्या. सरकारी सूचनांनुसार २१ दिवसांत निपटारा अपेक्षित आहे. मात्र हा कक्ष कंपनीकडून खुलासा मागवतो, नुकसानभरपाई देववत नाही.

भरपाई हवी असेल, तर जिल्हा ग्राहक आयोग. दूरसंचाराच्या तक्रारी तिथे चालतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल, तर तक्रारीला शुल्क लागत नाही. वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करायला हवी.