पानामागे पस्तीस रुपये

"ताई, राग मानू नका, पण दुसरीकडे बावीस रुपयांत पान लावून देतात."

फोनवर प्रकाशकांचा मुलगा होता. त्याच्या वडिलांना मी काका म्हणत असे. चौदा वर्षांपूर्वी त्यांच्या पहिल्या पुस्तकाची अक्षरजुळणी मी केली, आणि तेव्हापासून त्यांचं जवळजवळ प्रत्येक पुस्तक नारायण पेठेतल्या माझ्या दीड खोलीतून छापखान्यात गेलं. गेल्या वर्षी काकांनी व्यवहार मुलाकडे सोपवला. मुलानं तीन महिने हिशेब पाहिले आणि मला फोन केला. माझ्या उत्पन्नातला साठ टक्के वाटा त्या एका घराचा होता. तो त्या फोनबरोबर गेला.

अक्षरजुळणी म्हणजे काय, हे आता बऱ्याच जणांना सांगावं लागतं. पूर्वी शिशाचे खिळे जुळवून पान उभं करायचे. आम्ही तेच काम संगणकावर करतो. मजकूर टाइप करायचा, समासांत बसवायचा, मुद्रितं तपासून आली की दुरुस्त्या करायच्या आणि छापखान्याला तयार फाइल द्यायची. दर ठरतो तो पानावर. माझा दर पस्तीस रुपये होता आणि त्या दरात काय काय येतं, हे मी कधी कुठे लिहून ठेवलं नव्हतं.

पहिले आठ दिवस मी जो भेटेल त्याला हेच सांगत होते की बावीस रुपयांत चांगलं काम होणारच नाही, येतील परत. बहिणीनं ते तीन वेळा ऐकून घेतलं. चौथ्या वेळी म्हणाली, "अगं, पण तुला एका पानाला वेळ किती लागतो?" मला सांगता येईना. चौदा वर्षं पानावर पैसे घेत होते, पण घड्याळ कधी लावलं नव्हतं.

मग मी त्यांच्याच शेवटच्या पुस्तकाचा हिशेब मांडला. पान दोनशे चाळीस, बिल आठ हजार चारशे. कामाची वही, फोनमधले निरोप आणि फाइलींवरच्या तारखा जुळवून तास काढले. मजकूर साफ करणं, पानं लावणं आणि दोन मुद्रितांच्या दुरुस्त्या मिळून चौसष्ट तास झाले. उरलेले बत्तीस तास बिलात कुठेच नव्हते. दुसरं मुद्रित झाल्यावर लेखकाला एक नवं प्रकरण सुचलं आणि त्यामुळे पुढची सगळी पानं सरकली. सरकल्यामुळे सूचीतले पानांचे आकडे हातानं पुन्हा घालावे लागले. छापखान्यात दोन फेऱ्या झाल्या. शिवाय आधीच्या आवृत्तीतलं एक छायाचित्र जुन्या सीडींमधून शोधून काढण्यात अख्खा रविवार गेला.

शहाण्णव तासांना आठ हजार चारशे, म्हणजे तासाला साडेसत्त्याऐंशी रुपये. मग त्या बावीस रुपयेवाल्याचा हिशेब केला. तो फक्त चौसष्ट तासांचं काम करत असेल, तर पाच हजार दोनशे ऐंशी रुपयांत त्याला तासाला साडेब्याऐंशी पडतात. म्हणजे त्याला आणि मला तासाला जवळपास सारखेच पैसे पडत होते. तो उरलेले बत्तीस तास करतच नव्हता, इतकाच फरक.

हे कळल्यावर बरं वाटलं, पण दुसरी गोष्ट तेवढी सुखाची नव्हती. पस्तीसचा दर ठरला तेव्हा हस्तलिखित यायचं. शाईचा गिचमिड कागद, मधे चिकटवलेल्या चिठ्ठ्या, 'मागील पानावरील मजकूर इथे घ्यावा' असे बाण. पानभर मजकूर टाइप करायलाच वीस-पंचवीस मिनिटं जायची. गेली काही वर्षं मात्र लेखक स्वतःच फोनवर किंवा लॅपटॉपवर टाइप करून ईमेलनं पाठवतात. माझं निम्मं काम कमी झालं आणि दर तोच राहिला. काका त्यावर कधी बोलले नाहीत. मुलाचं म्हणणं वाजवी होतं, हे कबूल करायला मला महिना लागला.

निरोपाच्या वेळी त्यानं चौदा वर्षांच्या सगळ्या फाइली मागितल्या. मी पेन ड्राइव्हवर भरून दिल्या, पैसे घेतले नाहीत. अनुभवी लोक म्हणतात तसं त्या अडवून ठेवता आल्या असत्या, पण पुस्तकं त्यांची होती. फॉन्ट मात्र देता आले नाहीत. माझ्या जुन्या सॉफ्टवेअरचा परवाना माझ्या नावावर होता आणि त्याचं डाँगल, म्हणजे यंत्राला लावायचं कुलूप, माझ्याच संगणकाला होतं. हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "फॉन्टचं काय, बघून घेऊ."

मी नवं दरपत्रक केलं. टाइप करून आलेल्या मजकुराची पानं लावणं वीस रुपये, म्हणजे त्या स्पर्धकाहूनही दोन कमी. त्यात दोन मुद्रितांच्या दुरुस्त्या. तिसऱ्यापासून पुढे तासावर. हस्तलिखित टाइप करणं वेगळं, सूची वेगळी, छापखान्याच्या फेऱ्या वेगळ्या. ओळखीच्या एका प्रकाशकांनी ते वाचून विचारलं, "हे काय, हॉटेलचं मेन्यूकार्ड?" काम दिलं नाही. पहिल्या पाच महिन्यांत एकूण तीन पुस्तकं मिळाली. दोन दिवाळी अंकांची पानं लावून गणपती ते दसरा कसाबसा निघाला.

मग एका संस्थेनं बोलावलं. त्यांच्या त्रैमासिकाचे जुने अंक पेजमेकरमध्ये केलेले होते आणि ते सगळे त्यांना संगणकावर शोधता येतील अशा स्वरूपात हवे होते. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ सालची, आणि ती चालणारा जुना संगणक माझ्याकडे अजून होता. कितीतरी वेळा भंगारात द्यायचा म्हणून खाली काढला आणि परत माळ्यावर ठेवला.

इथे थोडं आत शिरावं लागेल. त्या काळच्या मराठी फॉन्टमध्ये पडद्यावर 'क' दिसत असला, तरी संगणकाच्या लेखी तिथे एखादं इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह असतं. फॉन्ट फक्त त्याला 'क'चा मुखवटा घालतो. फॉन्ट नसेल तर मुखवटा गळतो आणि पानभर निरर्थक चिन्हं दिसतात. युनिकोडमध्ये मात्र 'क'चा क्रमांक 'क'चाच असतो, मग फॉन्ट कुठलाही असो. जुन्याचं नवं करायला परिवर्तक मिळतात. ते एका कोष्टकावरून अक्षरं बदलत जातात. पण प्रत्येक फॉन्टचं कोष्टक वेगळं, आणि एकाच कंपनीच्या दोन आवृत्त्यांमध्येही फरक असू शकतो.

खरा घोळ क्रमाचा आहे. जुना फॉन्ट अक्षरं दिसतात त्या क्रमानं साठवतो, तर युनिकोड उच्चाराच्या क्रमानं. 'निर्मिती' घ्या. जुन्या फाइलीत पहिली वेलांटी आधी येते आणि 'न' नंतर. पुढे पुन्हा वेलांटी, मग 'म', आणि त्यानंतर रफार. युनिकोडमध्ये हे सगळं उलटवावं लागतं. वेलांटी व्यंजनामागे न्यायची आणि रफार 'म'च्या आधी आणायचा. 'स्थिती'त तर वेलांटीनं आख्खं जोडाक्षर ओलांडून पलीकडे जायचं असतं. परिवर्तक तिथे चुकला की वेलांटी 'स' आणि 'थ'च्या मधेच लटकते.

अशा चुका डोळ्यांना तरी दिसतात. शब्दाच्या सुरुवातीला सुटी वेलांटी, एका अक्षरावर दोन मात्रा, मोकळा पाय. हे नमुने शोधून काढता येतात. वाईट चूक ती, जी केल्यावरही शब्द शुद्धच राहतो. मराठीत 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' हे दोन वेगळे शब्द आहेत. पहिले शिकवतात आणि दुसरे स्वयंपाक करतात. दुसऱ्यातल्या त्या आडव्या 'र'साठी जुन्या फॉन्टमध्ये वेगळा तुकडा असतो. परिवर्तकाच्या कोष्टकात तो नसला की त्या जागी सरळ रफार बसतो. वाचणाऱ्याला शंकाही येत नाही. म्हणून अशा शब्दांची यादी काढून मूळ छापील पानाशी एकेक ताडून पाहावी लागते. त्याला दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

त्या संस्थेच्या कामात पहिला महिना तोट्याचा गेला. काही सीडी वाचताच येईनात, त्या अंकांची छापील प्रत समोर ठेवून पुन्हा टाइप करावी लागली. पण त्याचा दर दरपत्रकात वेगळा होता, त्यामुळे भांडण झालं नाही. संस्थेच्या चिटणिसांनी आणखी दोन ठिकाणी माझं नाव सांगितलं. एका घरातून आजोबांच्या पुस्तकाची फाइल आली. एक प्रकाशक जुनी पुस्तकं नव्यानं काढत होते, त्यांच्याकडून सहा पुस्तकं आली. वर्ष संपलं तेव्हा आधीच्या उत्पन्नाच्या तीन चतुर्थांशापर्यंत पोचले होते. कुठलंही एक गिऱ्हाईक मात्र आता पाव हिश्श्याहून मोठं नव्हतं.

मार्गशीर्षात काकांच्या मुलाचा फोन आला. लग्नातल्या जेवणावळींवरचं त्यांचं एक पुस्तक होतं, चांगलं खपलेलं. त्याची नवी आवृत्ती छापून आली होती, तीही त्याच पेन ड्राइव्हवरच्या फाइलीतून.

"ताई, एका वाचकाचं पत्र आलंय. आपल्या पुस्तकात पंगत उठल्यावर आचार्यांना भांडी घासायला बसवलंय."

मी हसले नाही, असं म्हणणं खोटं ठरेल. तो म्हणाला, नव्या माणसानं परिवर्तक चालवला, मुद्रित एकच काढलं आणि तो त्याच्या जागी चूक नव्हता, त्याला पैसे तेवढ्याचेच मिळाले होते. उरलेली आवृत्ती बाजारातून परत घ्यायची आणि पुस्तक नीट करून द्यायचं, तर माझे किती होतील?

मी त्याला दरपत्रक पाठवलं. परिवर्तन पानाला बारा रुपये, मूळ प्रतीशी ताडणं तासाला दीडशे. त्यानं मान्य केलं. त्याची नवी पुस्तकं आजही त्या दुसऱ्याकडेच जातात, तो मजकूर युनिकोडमध्येच येतो आणि तिथे बावीस रुपयांत भागतं. जुन्यांपैकी जे पुन्हा काढायचं असेल ते माझ्याकडे येतं.

या पुस्तकाचं बिल गेलं तेव्हा त्याचा परत फोन आला. पूर्वी बिलात एकच ओळ असायची, यात सात होत्या.

"ताई, 'छापखान्यात फेरी' हेही लावलंय?"

"दोन फेऱ्या आहेत," मी म्हटलं. "नीट बघ, दोनच्या पुढे गुणिले आहे."