मूळ दोनदा, दिशा एकच

दोन ओळी आणि दोन स्तंभांचा मॅट्रिक्स म्हणजे प्रतलातल्या बिंदूंना हलवणारा नियम. पुढचा मॅट्रिक्स (x, y) या बिंदूला (३x + y, −x + y) या जागी नेतो.

```
A = |  ३   १ |
    | −१   १ |
```

यात (१, ०) हा सदिश (३, −१) होतो, म्हणजे त्याची लांबीही बदलते आणि दिशाही. (१, १) चा (४, ०) होतो, त्याचीही दिशा फिरते. (१, −१) मात्र (२, −२) होतो: दुप्पट लांब, पण त्याच रेषेवर. नियम लागू झाल्यावरही जो आपली रेषा सोडत नाही त्या शून्येतर सदिशाला आयगेनसदिश म्हणतात आणि तो जितक्या पटीने ताणला जातो त्या संख्येला आयगेनमूल्य. इथे (१, −१) हा आयगेनसदिश आणि २ हे त्याचे आयगेनमूल्य.

असे सदिश अंदाजाने शोधत बसावे लागत नाही. A मधून λ पट एकक मॅट्रिक्स वजा करून निश्चयक शून्य धरला, की λ चे वर्गसमीकरण मिळते. या उदाहरणात (३ − λ)(१ − λ) + १ = ०, म्हणजे λ² − ४λ + ४ = ०, म्हणजेच (λ − २)² = ०. मूळ एकच, पण ते दोनदा आले आहे. समीकरणात मूळ जितक्या वेळा येते ती त्या आयगेनमूल्याची बैजिक बहुलता. २ ची बैजिक बहुलता २ आहे.

दुसरी मोजणी समीकरणाकडे न पाहता दिशांकडे पाहते. आयगेनमूल्य २ असलेले, एकमेकांवर अवलंबून नसलेले सदिश किती, हा तिचा प्रश्न. त्यासाठी A मधून २I वजा करावे, I म्हणजे एकक मॅट्रिक्स.

```
N = A − २I = |  १   १ |
             | −१  −१ |
```

हा मॅट्रिक्स ज्यांना शून्यावर नेतो ते सदिश शोधायचे. पहिली ओळ सांगते x + y = ०. दुसरी ओळ तेच चिन्ह बदलून सांगते, नवी अट घालत नाही. म्हणून सगळी उत्तरे (१, −१) च्या पटीत आहेत. रेषा एक, म्हणून २ ची भौमितिक बहुलता १. अनेक विद्यार्थी ‘आयगेनमूल्ये २, २’ असे लिहितात आणि आयगेनसदिशही दोन मिळणार असे गृहीत धरतात. ते गृहीतक इथेच कोसळते.

याच्या शेजारी B = २I ठेवावा, म्हणजे कर्णावर २, २ आणि बाकी शून्ये. त्याचेही समीकरण (λ − २)² = ० आहे. कर्णावरच्या संख्यांची बेरीज ४ आणि निश्चयकही ४, अगदी A प्रमाणेच. पण B प्रत्येक सदिशाला नुसता दुप्पट करतो, कोणाचीच दिशा बदलत नाही, त्यामुळे त्याची भौमितिक बहुलता २ आहे. एकाच समीकरणामागे दोन वेगळ्या वागणुकी दडलेल्या असतात आणि समीकरण एकटे त्या वेगळ्या करू शकत नाही.

भौमितिक बहुलता कधीच शून्य नसते, कारण निश्चयक शून्य झाला की एखादा शून्येतर सदिश शून्यावर जातोच. ती बैजिक बहुलतेपेक्षा जास्तही होत नाही. २×२ च्या बाबतीत आणखी एक सोपी गोष्ट आहे, जी पाठ्यपुस्तके बऱ्याचदा घाईत ओलांडतात. मूळ λ दोनदा आले आणि भौमितिक बहुलताही २ असली, तर A − λI हा प्रतलातल्या प्रत्येक सदिशाला शून्यावर नेतो. असा मॅट्रिक्स फक्त शून्य मॅट्रिक्सच असू शकतो, म्हणजे A हा मुळातच λI होता. थोडक्यात, मूळ दोनदा आले आहे आणि कर्णाबाहेर एक जरी शून्येतर संख्या दिसते आहे, तर दुसरी दिशा मिळणार नाही. गणित मांडण्याचीही गरज नाही. ३×३ पासून मात्र ही सवलत संपते.

दुसरी दिशा नसल्याचा परिणाम मॅट्रिक्स पुन्हा पुन्हा लावला की दिसतो. N चा N शी गुणाकार केला तर शून्य मॅट्रिक्स येतो, त्यामुळे A = २I + N याचा घात सहज उलगडतो:

Aⁿ = २ⁿ I + n·२ⁿ⁻¹ N

दहा वेळा B लावला तर (१, ०) चा (१०२४, ०) होतो. दहा वेळा A लावला तर तो (६१४४, −५१२०) होतो. घाताच्या सूत्रात आलेला तो एकटा n हीच दिशेच्या तुटीची खूण. तो (१, ०) ला दर पावलागणिक (१, −१) च्या रेषेकडे ओढत राहतो. (१, ०) आयगेनसदिश नाही, तरी निरुपयोगीही नाही: N त्याला (१, −१) वर नेतो आणि पुढचा N शून्यावर. आयगेनसदिश अपुरे पडले की अशा साखळीने जागा भरून काढता येते. मोठ्या मॅट्रिक्ससाठी हीच मांडणी कामी येते. तिला कामिय जॉर्डन या फ्रेंच गणितज्ञाचे नाव मिळाले असून ती त्याच्या १८७० च्या ग्रंथात आहे.

हाच जास्तीचा गुणक अवकल समीकरणांत t या रूपाने येतो. स्प्रिंग आणि अवमंदन असलेल्या दरवाज्याची गती x″ + cx′ + kx = ० अशी लिहिली, तर तिच्या मॅट्रिक्सच्या कर्णाबाहेर नेहमीच १ हा आकडा असतो. c² = ४k झाले की मूळ दोनदा येते, आणि वरच्या नियमाप्रमाणे दिशा एकच उरते. म्हणून उत्तरात घातांकी पदासोबत t ने गुणलेले घातांकी पदही असते. दरवाजा हेलकावे न घेता सगळ्यात लवकर मिटतो तो याच सीमेवर.

प्रत्यक्ष आकडेमोडीत ही सीमा फार नाजूक असते. A मधल्या −१ च्या जागी −०.९९९९ घातले, तर समीकरण (λ − २)² = ०.०००१ होते आणि मुळे २.०१ व १.९९ निघतात. बदल चौथ्या दशांश स्थळी, परिणाम दुसऱ्या स्थळी. आता आयगेनसदिश दोन आहेत, पण ते (१, −०.९९) आणि (१, −१.०१), म्हणजे जवळजवळ एकाच रेषेवर. बदल उलट बाजूला केला, −१.०००१ घातले, तर वास्तव मुळेच उरत नाहीत.

संगणक साधारण १६ अंकांपर्यंत अचूक हिशेब ठेवतो. अशा मॅट्रिक्समध्ये त्या शेवटच्या अंकातली चूक वर्गमुळातून बाहेर पडते आणि आयगेनमूल्याचे जेमतेम निम्मे अंक भरवशाचे राहतात. पडद्यावर २.००००००01 आणि १.९९९९९९९९ यांसारखी जवळजवळ सारखी मूल्ये दिसली व सोबतचे आयगेनसदिश जवळपास समांतर असले, तर ती दोन वेगळी आयगेनमूल्ये समजू नयेत. तेव्हा A − २I मधल्या किती ओळी खरोखर स्वतंत्र आहेत हे तपासावे. भौमितिक बहुलता तिथूनच ठरते.