दोन टनांचा खांब चार टनांवर का वाकतो?

मानवत किंवा सेलूच्या मोंढ्यात हंगामात एक चक्कर मारली की एक गोष्ट सारखी दिसते. लोखंडी पाइपांच्या खांबांवर पत्र्याची शेड असते आणि आत मागच्या बाजूला पोत्यांसाठी पोटमाळा काढलेला असतो. माळ्याची तुळई खांबाच्या डोक्यावर बसवलेली नसते. पाइपच्या अंगाला एक ब्रॅकेट वेल्ड करून तिच्यावर ती टेकवलेली असते, कारण त्यात काम लवकर उरकतं. पाइपचा मध्य एकीकडे राहतो आणि वजन त्याच्यापासून पाच-सहा सेंटिमीटर बाजूला उतरतं. या अंतराला उत्केंद्रता म्हणतात. अशा खांबातला सर्वांत मोठा ताण किती, याचं उत्तर सेकंट सूत्र देतं. ‘ताण’ म्हणजे इथे पोलादाच्या एका चौरस मिलिमीटरवर येणारा जोर.

परभणी जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात सापडेल असा एक खांब मनात धरू. पाइपचा बाहेरचा व्यास ८८.९ मिलिमीटर, जाडी ४ मिलिमीटर, उंची ४ मीटर. पोलाद २४० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरला नमतं. म्हणजे त्यापुढे गेल्यावर ते पूर्ववत होत नाही, कायमचं वाकतं. वजन पाइपच्या मध्यापासून ६० मिलिमीटर बाजूला पडतं. आकडेमोड सोपी राहावी म्हणून खालच्या टोकालाही तेवढीच उत्केंद्रता आहे आणि दोन्ही टोकं जागची हलत नाहीत, असं तूर्त समजू.

पहिला गैरसमज हिशेबाच्या सवयीतून येतो. ‘वजन भागिले क्षेत्रफळ, संपलं.’ या पाइपच्या छेदाचं क्षेत्रफळ १,०६७ चौरस मिलिमीटर आहे. चार टन, म्हणजे सुमारे ४० किलोन्यूटन वजन ठेवलं तर ताण ३७.५ येतो. २४० च्या मानाने हा आकडा इतका लहान आहे की मालकाला माळ्यावर आणखी पोती चढवावीशी वाटावीत. पण हा आकडा वजन बरोबर मध्यावर असेल तेव्हाचा आहे. बाजूला पडलेलं वजन पाइपला दाबतंच, शिवाय वाकवतंही. वाकण्यामुळे वजनाच्या बाजूच्या कडेवर जास्तीचा दाब येतो. तोही मिळवला की ताण १४८ होतो, चौपटीच्या जवळ.

इथवर बरेच जण येतात आणि इथेच थांबतात. खरी गोष्ट मात्र पुढे सुरू होते. वाकवणारा जोर लागला की खांब बाक घेतो. बाक घेतला की त्याचा मधला भाग वजनाच्या रेषेपासून आणखी लांब सरकतो. म्हणजे मध्यावर उत्केंद्रता ६० राहत नाही, वाढते. ती वाढली की वाकवणारा जोर वाढतो आणि बाकही वाढतो. हे चक्र कुठेतरी थांबतं किंवा थांबतच नाही. ते कुठे थांबतं, हे सूत्रातला सेकंट सांगतो:

```
σ_max = (P/A) · [ 1 + (e·c/r²) · sec( (L/2r) · √(P/(A·E)) ) ]
```

P म्हणजे वजन आणि A म्हणजे छेदाचं क्षेत्रफळ. e ही उत्केंद्रता, c हे मध्यापासून कडेपर्यंतचं अंतर, L ही खांबाची लांबी आणि E हा पोलादाचा ताठरपणा, दोन लाख न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. r या त्रिज्येवरून छेदातलं पोलाद मध्यापासून किती दूर पसरलंय ते कळतं. आपल्या पाइपसाठी ती ३० मिलिमीटर आहे. या खांबात `e·c/r²` चं मूल्य २.९५ येतं आणि ४० किलोन्यूटनला सेकंट १.६३ येतो. ताण होतो २१८. म्हणजे ३७.५ मानलेला खांब नमण्याच्या उंबरठ्यावर उभा आहे.

हा सेकंट डोळ्यांनीही पाहता येतो. मध्यावरचा जादा बाक म्हणजे `e·(sec − 1)`. चार टनांना तो ३८ मिलिमीटर भरतो. खांबाच्या एकाच बाजूला वर आणि खाली सारख्या जाडीचे दोन ठोकळे लावून सुतळी ताणली आणि मध्यावर तिच्यापासून पाइपपर्यंतचं अंतर मोजलं, तर हा फुगवटा पट्टीवर दिसतो. नुसत्या ओळंब्याने फसगत होऊ शकते. खांब बसवतानाच कलला असेल तर ओळंबा तो कल दाखवील, बाक नव्हे.

कॅल्क्युलेटरवर इथे एक चूक हमखास होते. सेकंटमधला कोन रेडियनमध्ये असतो. आपल्या खांबासाठी तो ०.९११ आहे. यंत्र अंशांवर ठेवलेलं असेल तर ०.९११ अंशांचा सेकंट जवळपास १ येतो आणि उत्तर १४८ मिळतं. ही चूक कुणाच्या डोळ्यांवर येत नाही, कारण आकडा अगदी शहाण्यासारखा दिसतो. लांब खांबाचं उत्तर आखूड खांबाच्या उत्तराशी तंतोतंत जुळलं, तर सर्वांत आधी कोनाचं एकक तपासावं.

‘वजन दुप्पट, तर ताण दुप्पट’

हा समज सर्वांत घातक आहे, कारण इतर बहुतेक हिशेबांत तो खरा ठरतो. याच खांबावर दोन टन ठेवले तर ताण ८८ येतो. चार टनांना तो १७६ व्हायला हवा होता, पण झाला २१८. पाच टन ठेवले तर ३११ येतो, म्हणजे पोलाद केव्हाच नमलेलं असतं. शेवटच्या एका टनाने जेवढं काम केलं, तेवढं पहिल्या दोन टनांनीही केलं नव्हतं. वजन सेकंटच्या आतही बसलेलं आहे, म्हणून असं घडतं.

यामुळे सुरक्षेचा हिशेबही बदलतो. दोन टनांना ताण ८८ आहे. २४० ला ८८ ने भागलं की २.७ येतं आणि खांब पावणेतीनपट सुरक्षित आहे, असं वाटतं. प्रत्यक्षात ताण २४० ला पोचतो तो साडेबेचाळीस किलोन्यूटनला, म्हणजे दोन टनांच्या २.१ पटीला. म्हणून उत्केंद्री भाराच्या खांबात ताणाला गुणांकाने भागायचं नसतं. आधी वजनाला गुणांकाने गुणायचं आणि मग ताण काढून तो नमनबिंदूच्या खाली राहतो का, ते पाहायचं.

भारतीय मानक आयएस ८०० च्या १९६२ च्या आवृत्तीत हीच काळजी सूत्रात घातलेली होती. पोलादी खांबांवर किती ताण चालेल, हे त्या काळी सेकंट सूत्रावरूनच ठरत असे आणि १.६८ हा सुरक्षा गुणांक वर्गमुळाच्या आतही लिहिलेला होता. त्याच सूत्रात आणखी एक मोलाची गोष्ट आहे. वजन मध्यावर आहे असं मानलेल्या खांबालाही `e·c/r²` च्या जागी शून्य न ठेवता ०.२० ठेवलेलं होतं. कुठलाही पाइप अगदी सरळ नसतो आणि कुठलंही वजन अगदी मध्यावर बसत नाही, हे समितीने आकड्यात लिहून ठेवलं. पुढे १९८४ ला मर्चंट-रँकिन सूत्र आलं आणि २००७ च्या आवृत्तीने पेरी-रॉबर्टसन पद्धत घेतली. त्यामुळे आज नकाशावर सही करणारा अभियंता सेकंट सूत्राने खांब मंजूर करत नाही. खांबात नेमकं काय घडतंय ते समजून घ्यायला मात्र याच्याइतकं स्वच्छ दुसरं सूत्र नाही.

‘वर माळा आहे, म्हणजे खांबाचं डोकं धरलेलं आहे’

शेडच्या कामात सर्वांत मोठी गफलत इथे होते. माळा खांबांवर बसलेला असतो, पण त्याला आडवं कोण धरतं? भिंत नसेल आणि खांबांमध्ये तिरक्या पट्ट्यांचं ब्रेसिंग नसेल, तर सगळा माळा खांबांसकट एका बाजूला सरकू शकतो. अशा वेळी खाली काँक्रीटमध्ये पक्का गाडलेला आणि वर मोकळा असलेला ४ मीटरचा खांब हिशेबात ८ मीटरचा होतो. L च्या जागी ८ मीटर घातले की दोन टनांनाच ताण ८८ वरून २१८ वर जातो, म्हणजे आधीच्या चार टनांच्या पातळीला. तीन टन तर त्याला पेलणारच नाहीत. ऑयलरच्या हिशेबाने हा खांब २९.७ किलोन्यूटनला कोलमडतो, मग उत्केंद्रता असो वा नसो. दोन खांबांमध्ये फुलीसारख्या मारलेल्या दोन अँगलांची किंमत इथे कळते.

सूत्राची दुसरी मर्यादाही सांगायला हवी, नाहीतर उगाच घबराट होईल. दोन्ही टोकांना सारखीच, एकाच बाजूची उत्केंद्रता आपण सोयीसाठी धरली होती. डोकं ब्रेसिंगने धरलेलं असेल आणि खाली बेसप्लेटवर वजन मध्यातूनच उतरत असेल, तर चार टनांना कमाल ताण २१८ नव्हे, सुमारे १५२ येतो. म्हणून सूत्रात आकडे घालण्याआधी खांबाच्या पायथ्याशी बसून बेसप्लेट आणि बोल्ट बघावे लागतात. शिवाय सूत्र सांगतं ते पोलाद पहिल्यांदा नमण्याचं वजन. त्यापुढच्या पडझडीबद्दल ते काही सांगत नाही.

‘जास्त ताकदीचं पोलाद वापरा’

दुकानदार हा सल्ला मनापासून देतात. २४० ऐवजी ३१० ला नमणारा पाइप घेतला, तर पोलादाची ताकद २९ टक्क्यांनी वाढते. खांबाला नमवणारं वजन मात्र साडेबेचाळीसवरून जेमतेम ५० किलोन्यूटनवर जातं, म्हणजे १७ टक्क्यांच्या आसपास. बाक किती येईल हे पोलादाच्या ताठरपणावर ठरतं आणि तो दोन्ही पाइपांत सारखाच असतो. त्यापेक्षा ११४.३ मिलिमीटर व्यासाचा, साडेचार मिलिमीटर जाडीचा पाइप घेतला, तर पोलाद ४५ टक्के जास्त लागतं, पण चार टनांचा ताण २१८ वरून १११ वर येतो. पाइप जाड झाल्यावर ब्रॅकेटही मध्यापासून लांब सरकते, म्हणून या हिशेबात उत्केंद्रता ६० ऐवजी ७३ धरली आहे.

सर्वांत स्वस्त उपाय वेल्डरच्या हातातच असतो. पाइपच्या डोक्यावर एक कॅपप्लेट लावून तुळई तिच्यावर मध्यभागी ठेवायची आणि खाली बेसप्लेटही मध्यावर घ्यायची. हातकामातली चूक म्हणून १० मिलिमीटर उत्केंद्रता दोन्हीकडे धरली, तरी जुन्याच, ८८.९ च्या पाइपला नमवायला साडेबेचाळीस नव्हे, साडेचौऱ्याऐंशी किलोन्यूटन लागतात.