त्याचा निळा, तिचा हळदी

लग्नानंतरचं पहिलं घर रंगवायला काढलं की दुकानातलं शेड कार्ड जेवणाच्या टेबलावर येतं आणि वाद सुरू होतो. त्याला निळा हवा असतो, तिला पिवळा. बोलणी लांबतात आणि शेवटी दोघंही थकून एखाद्या फिक्या क्रीमवर येतात. तो रंग दोघांपैकी कुणीच मागितलेला नसतो. बैठकीच्या खोलीत असं चालून जातं. बेडरूममध्ये मात्र दोघांची आवड दिसायला हवी, आणि ते जमण्यासारखं आहे. त्यासाठी वाद नेमका कशावर आहे, हे आधी शोधून काढावं लागतं.

अल्बर्ट मन्सेल नावाच्या अमेरिकन चित्रकाराने आणि कलाशिक्षकाने १९०५ साली रंगांची नोंद करण्याची एक पद्धत मांडली. प्रत्येक रंगाची तीन मापं त्याने वेगळी काढली. तो लाल, पिवळा, निळा यांपैकी कुठल्या घराण्यातला आहे, हे पहिलं. तो किती उजळ किंवा गडद आहे, हे दुसरं. आणि तो किती भडक किंवा धुरकट आहे, हे तिसरं. नवराबायकोचा वाद बहुतेक वेळा पहिल्या मापावर अडकतो. खोलीत राहताना मात्र दुसरं आणि तिसरं माप जास्त जाणवतं. धुरकट निळा आणि धुरकट पिवळा एका खोलीत सहज नांदतात. एक रंग भडक आणि दुसरा मळकट असला की मळकट रंग जुनापुराणा दिसायला लागतो, मग ते दोन्ही एकाच घराण्यातले का असेनात.

म्हणून चर्चेआधी एक काम करावं. दोघांनी वेगवेगळं बसून, एकमेकांना न विचारता, शेड कार्डातल्या आपल्या आवडीच्या पाच-सहा पट्ट्या निवडाव्यात. मग सगळ्या पट्ट्या पांढऱ्या चादरीवर खिडकीपाशी मांडून मोबाइलवर फोटो काढावा आणि तो कृष्णधवल करून बघावा. रंगाचं घराणं त्यातून निघून जातं, उरतो फक्त उजळपणा. कोणाच्या पट्ट्या गडद आहेत आणि कोणाच्या उजळ, हे लगेच दिसतं. मोबाइलचं हे माप काटेकोर नसतं, पण वाद कुठे आहे ते समजायला पुरतं.

माझ्या भाचीच्या ठाण्यातल्या घराचं उदाहरण घेते. बेडरूम १० बाय १२ फुटांची, उंची साडेनऊ फूट. पलंगाचं डोकं १२ फुटी भिंतीला, दार समोरच्या भिंतीत, खिडकी पश्चिमेला, कपाट पूर्वेला. तिला हळदी रंग हवा होता, भाचेजावयांना गडद निळा. पट्ट्या मांडल्यावर लक्षात आलं की तिने निवडलेल्या हळदी, बदामी, मोतिया या सगळ्या शेड मऊ होत्या, एकही झगझगीत नव्हती. त्यांचे निळेही धुरकटच होते. म्हणजे भडकपणाबद्दल दोघांचं आधीपासून एकमत होतं. वाद होता तो उजेडाचा. दिवसभर स्क्रीनसमोर काम करून आल्यावर त्यांना डोळ्यांना शांत वाटणारी काळोखी खोली हवी होती. ती मात्र म्हणाली, “मावशी, गडद भिंतीकडे बघत झोपायचं म्हटलं की मला कोंडल्यासारखं होतं.”

तिच्या या वाक्यातच उत्तर होतं. तिला त्रास गडद भिंतीकडे बघत झोपण्याचा होता. पलंगाच्या डोक्याकडची भिंत झोपल्यावर दिसतच नाही. ती दिसते खोलीत शिरताना, आणि दार समोरच्या भिंतीत असल्यामुळे इथे तर शिरताक्षणी तीच दिसते. तेव्हा निळा त्या एका भिंतीवर घ्यायचा ठरला. पडल्यावर नजरेसमोर राहणारी दाराकडची भिंत आणि बाजूच्या दोन भिंती उबदार झाक असलेल्या मोतिया, छत पांढरं. कुठली भिंत कुठून आणि किती वेळ दिसते, हे पलंगावर प्रत्यक्ष आडवं होऊन आणि दारात उभं राहून बघावं. नुसत्या नकाशावरून ते कळत नाही.

मग हळदीचं काय? तो कापडात घेतला. पडदे, पायथ्याची रजई, दोन उशांचे अभ्रे. यामागे एक तांत्रिक कारणही आहे. रंगात खालची भिंत झाकायचं काम मुख्यतः टायटॅनियम डायऑक्साइड ही पांढरी पूड करते. फिक्या शेडच्या बेसमध्ये ती भरपूर असते. गडद आणि तेजस्वी शेडच्या बेसमध्ये ती कमी ठेवावी लागते, नाहीतर रंग फिकट पडतो. त्यामुळे गडद निळ्याला आणि स्वच्छ पिवळ्याला दोन हातांत झाकण येत नाही, तिसरा हात द्यावा लागतो. पिवळा तर अर्धवट झाकला गेला की ठिकठिकाणी हिरवट-मळकट पट्टे दाखवतो. सुती किंवा खणाच्या कापडात तोच हळदी पहिल्या दिवसापासून भरीव दिसतो.

प्रमाणाच्या बाबतीत आपल्याकडे साडीचा हिशेब उपयोगी पडतो. अंग शांत असेल तर काठ आणि पदर ठसठशीत असले तरी शोभतात. इथे मोतिया अंग, निळी भिंत काठ, हळदी कापड पदर. काठच अंगाएवढा झाला तर डोळा कुठे ठरत नाही. खोलीतही निळा आणि हळदी निम्मे निम्मे घेतले तर दोघांना न्याय मिळाल्यासारखं वाटेल, पण खोली दोन तुकड्यांत फाटेल.

शेजारी आलेले रंग एकमेकांना बदलतात, हेही इथे सांभाळावं लागतं. पॅरिसच्या गोबलँ या विणकामाच्या कारखान्यात रंगाईचा प्रमुख असलेल्या मिशेल शेव्हरल या रसायनतज्ज्ञाकडे काळ्या धाग्याबद्दल तक्रारी येत होत्या. तपासल्यावर त्याला दिसलं की धागा ठीकच आहे, दोष शेजारच्या रंगांमुळे भासतो. त्यावर त्याने १८३९ साली मोठा ग्रंथ लिहिला. निळा आणि पिवळा जवळजवळ विरुद्ध टोकांचे असल्यामुळे शेजारी ठेवले की दोन्ही अधिक तीव्र भासतात. म्हणून भाचीच्या घरी निळा पट्टीवर आवडला होता त्याहून एक पायरी राखाडी घेतला. हळदी रजई समोर अंथरल्यावर तो पुन्हा हवा तेवढा निळा दिसला.

आता नमुना. भिंतीवरच चारदोन पट्टे मारून बघायची पद्धत मला पटत नाही, कारण खालचा जुना रंग डोळ्याला फसवतो. दोन बाय दोन फुटांचा जाड पुठ्ठा किंवा प्लायचा तुकडा घ्यावा, त्यावर प्राइमर आणि रंगाचे दोन हात द्यावेत आणि पूर्ण वाळू द्यावा. इमल्शन वाळल्यावर सहसा थोडं गडद होतं, तेव्हा ओल्या रंगावर निर्णय घेऊ नये. तो तुकडा ज्या भिंतीवर रंग यायचा आहे तिथेच टेकवून सकाळी, दुपारी चारला आणि रात्री दिवा लावून बघावा. पश्चिमेच्या खोलीत उतरत्या उन्हात पिवळे रंग तापल्यासारखे दिसतात आणि निळे मंदावतात. उत्तरेच्या खिडकीत उलटं होतं. तिथला उजेड निळसर असतो, राखाडी-निळा तिथे गारठलेला वाटतो.

रात्रीचा दिवा तर भिंतीइतकाच महत्त्वाचा. बल्बच्या खोक्यावर केल्विनचा आकडा असतो. ६५०० केल्विनच्या पांढऱ्या दिव्याखाली हळदी हिरवट दिसतो, २७०० केल्विनच्या पिवळ्या दिव्याखाली राखाडी-निळा मरगळतो. या जोडप्याने छताला ४००० आणि पलंगाशेजारी ३००० केल्विनचे दिवे लावले. गडद भिंत उजेड कमी परतवते, म्हणून छताचा दिवा आधीपेक्षा थोडा जास्त ताकदीचा घ्यावा लागला.

एक अडचण मात्र आधीच ओळखायला हवी. निळी भिंत खिडकीच्या काटकोनात असल्यामुळे तिच्यावर ऊन तिरपं पडतं, आणि तिरप्या उन्हात गडद भिंतीवरचा पुट्टीचा प्रत्येक उंचवटा उठून दिसतो. पुट्टी घासून झाल्यावर, प्राइमरच्या आधी, टॉर्च भिंतीला समांतर धरून फिरवावा. सावल्या पडतील तिथे पेंटरला पुन्हा पुट्टी भरून पॉलिश पेपर मारायला सांगावा. चकाकीचं इमल्शन पुसायला सोपं असतं, पण हे उंचवटे आणखी दाखवतं. म्हणून तिथे मॅट घेतलं, आणि केसांच्या तेलाचे डाग भिंतीला लागू नयेत म्हणून पलंगाची पाठ उंच ठेवली. ओल असलेल्या भिंतीवर यातलं काहीच टिकणार नाही. आधी गळती शोधावी, भिंत वाळू द्यावी, तोवर रंगाचा विषय काढू नये.

रंग किती लागतो? चांगलं इमल्शन एका लिटरमध्ये दोन हातांसाठी साधारण १०० ते १२० चौरस फूट पुरतं. डोक्याकडची भिंत ११४ चौरस फूट. तिसरा हात धरून दीड लिटर, म्हणजे लिटरचे दोन डबे. दार, खिडकी, कपाट वजा करून बाकीच्या तीन भिंती सुमारे २२० चौरस फूट, त्याला दोन-सव्वादोन लिटर. म्हणजे वर्षभराने निळा नकोसा झालाच तर बदलायची आहे ती एकच भिंत. वर फिका रंग द्यायचा असेल तर आधी प्राइमरचा हात हवा, एवढंच. हे कळल्यावर भाचीची धास्ती बरीच कमी झाली. आणि भाड्याच्या घरात मालक रंग बदलू देत नसेल, तर हाच हिशेब चादर, पडदे आणि पलंगामागे लावलेल्या मोठ्या कापडावर करता येतो.

एक नियम मात्र दोघांनी पाळावा. एखादा रंग एकाला खरोखर सहनच होत नसेल, तर तो दुसऱ्याने भिंतीवर मागू नये, पट्टीभरसुद्धा नाही. नावडता रंग सवयीने आवडेल या आशेवर झोपायची खोली रंगवू नये.

खरेदीचा क्रमही उलटा ठेवा. आधी पडद्याचं आणि रजईचं कापड घ्या, मग भिंतीची शेड ठरवा. कापड बाजारात जे मिळेल त्यातूनच निवडावं लागतं, रंगाच्या दुकानातलं मशीन मात्र त्या कापडाशी जुळणारी शेड हजारांतून काढून देतं. मशीनवर मिसळलेला रंग दुकानदार सहसा परत घेत नाही, म्हणून मोजूनच मागा. आणि उरलेल्या डब्याच्या झाकणावर शेडचा नंबर, बेस आणि तारीख लिहून ठेवा. पुढे भिंत कुठे खरवडली गेली तर नेमका तोच निळा पुन्हा मिळवायला या तीनच गोष्टी लागतात.