मायांच्या दोन दिनगणना

मध्य अमेरिकेतल्या माया लोकांची एक गणना २६० दिवसांची होती: १३ आकडे आणि २० दिवसनामे. मुहूर्त, भविष्य, विधी तिच्यावर ठरत. ऋतूंचा अंदाज मात्र तिच्यातून येईना, म्हणून जोडीला ३६५ दिवसांचे सौरवर्ष. त्यातही लीप दिवस नसल्याने ते ऋतूंपासून हळूहळू सरकेच.

खरा फायदा जोडीत होता. ‘४ अहाव’ दर २६० दिवसांनी येतो. सौरवर्षातल्या ‘८ कुमकु’ या तारखेसह होणारी ‘४ अहाव ८ कुमकु’ ही जोडी मात्र १८,९८० दिवसांनी, म्हणजे सुमारे ५२ वर्षांनीच. एका आयुष्याला एवढे बहुधा पुरे. राजघराण्याच्या इतिहासाला अपुरे. म्हणून शिलालेखांत सलग दिवस मोजणारी तिसरी ‘दीर्घ गणना’ही कोरली जाई. ग्वाटेमालातले किचे माया २६० दिवसांची गणना आजही पाळतात.