सळयांची यांत्रिक जोडणी (कपलर)

यांत्रिक जोडणी म्हणजे सलोह काँक्रीटमधील दोन सळयांची टोके पोलादी नळीच्या साहाय्याने एका रेषेत जोडण्याची पद्धत होय. या नळीस बांधकाम क्षेत्रात कपलर असे म्हणतात. सळया जोडण्याची रूढ पद्धत लॅपची आहे. तीत दोन सळया ठरावीक लांबीपर्यंत शेजारी-शेजारी ठेवून तारेने बांधल्या जातात. बारीक सळयांसाठी लॅप स्वस्त व सोयीचा ठरतो. मात्र सळईचा व्यास वाढू लागला की लॅपमध्ये जाणारे लोखंड, स्तंभातील दाटी आणि भूकंपविषयक नियमांची पूर्तता हे तिन्ही प्रश्न एकदम उभे राहतात. कपलरचा वाढीव खर्च केव्हा परवडतो, हे प्रामुख्याने या तीन गोष्टींवरून ठरते.

## लॅपमधील बलाचे संक्रमण

लॅपमध्ये एका सळईतील बल दुसऱ्या सळईत थेट जात नाही. ते प्रथम सळईच्या पृष्ठभागावरून सभोवतालच्या काँक्रीटमध्ये उतरते आणि काँक्रीटमधून दुसऱ्या सळईत शिरते. बांधणीची तार सळया जागेवर धरून ठेवण्यापुरती असते. बल वाहून नेण्यात तिचा वाटा नसतो. त्यामुळे लॅपची लांबी ही सळई आणि काँक्रीट यांमधील पकडीवर अवलंबून असते.

सळई वाहून नेत असलेले बल तिच्या छेदाच्या क्षेत्रफळावर, म्हणजे व्यासाच्या वर्गावर अवलंबून असते. पकडीसाठी उपलब्ध असलेला परीघ मात्र व्यासाच्या केवळ पटीतच वाढतो. म्हणून व्यास दुप्पट झाला की लॅपची लांबीही दुप्पट करावी लागते. लांबी दुप्पट आणि छेद चौपट, यामुळे लॅपमध्ये जाणारे लोखंड आठपट होते. जाड सळयांच्या बाबतीत लॅप महाग पडण्याचे मूळ कारण हेच आहे.

जाड सळयांच्या लॅपमध्ये आणखी एक दोष संभवतो. सळईवरील कंगोरे काँक्रीटला केवळ लांबीच्या दिशेने ढकलत नाहीत, तर बाहेरच्या बाजूसही रेटतात. हा रेटा वाढल्यास सळईला समांतर भेगा पडून आच्छादनाचे काँक्रीट निखळते आणि लॅपची पकड सुटते. याच कारणास्तव भारतीय मानक ४५६ (२०००) च्या मूळ मजकुरात ३६ मिमीपेक्षा जाड सळयांसाठी लॅप वापरू नये, असे सांगितले आहे. वेल्डिंग शक्य नसल्यास लॅपभोवती जादा सर्पिल सळई देऊन अपवाद करता येतो. कपलरमध्ये बल धातूतूनच पुढे जात असल्याने आच्छादन निखळले तरी जोड टिकून राहतो.

## जोडणीची पद्धत

भारतातील बांधकामांवर समांतर आट्यांचा कपलर सर्वत्र आढळतो. त्याची कृती पुढीलप्रमाणे असते. प्रथम सळईचे टोक करवतीने काटकोनात कापतात. त्यानंतर एका प्रकारात टोक थंड अवस्थेतच दाबयंत्राने फुगवून त्यावर आटे पाडतात. अशा टोकाचा आट्यांच्या तळाशी मोजलेला छेद मूळ सळईपेक्षा कमी होत नाही. दुसऱ्या प्रकारात टोकावरील कंगोरे यंत्राने सोलून आटे दाबून पाडतात. हे काम स्वस्त व जलद असते, परंतु टोक फुगवलेले नसल्याने आट्यांचा दर्जा काटेकोर असावा लागतो. तयार आट्यांवर प्लॅस्टिकची टोपी बसवली जाते.

जागेवर कपलर पहिल्या सळईवर निम्म्या लांबीपर्यंत बसवून दुसरी सळई त्यात फिरवली जाते. दोन्ही टोके नळीच्या मध्यभागी एकमेकींस भिडली पाहिजेत. शेवटी टॉर्क पान्याने जोड आवळून त्यावर रंगाची खूण केली जाते. वाकवलेली सळई फिरवता येत नाही. अशा ठिकाणी एका सळईवर दुप्पट लांबीचे आटे पाडून कपलर आधी पूर्णपणे तिच्यावर चढवतात आणि सळया समोरासमोर आणल्यावर तो दुसऱ्या सळईवर उतरवतात.

## एका स्तंभाचे उदाहरण

६०० × ९०० मिमी आकाराच्या एका स्तंभात ३२ मिमी व्यासाच्या २० सळया आहेत, काँक्रीट एम ३० व सळया फे ५०० प्रतीच्या आहेत, असे मानू. मजल्याची उंची ३.३ मीटर आणि तुळईची खोली ०.७ मीटर असल्यास स्तंभाची निव्वळ उंची २.६ मीटर भरते.

मानक ४५६ नुसार या काँक्रीटमध्ये ताणातील सळईची आवश्यक पकड-लांबी व्यासाच्या सुमारे ४५.३ पट, म्हणजे १,४५० मिमी येते. भूकंपरोधक बांधकामासाठीच्या भारतीय मानक १३९२० (२०१६) प्रमाणे स्तंभातील लॅप निव्वळ उंचीच्या मधल्या अर्ध्या भागातच द्यावा लागतो आणि एका ठिकाणी निम्म्याहून अधिक सळया जोडता येत नाहीत. मधला अर्धा भाग येथे १,३०० मिमीचा आहे. १,४५० मिमीचा लॅप त्यात मावतच नाही. मुंबईसारख्या, मानक १८९३ (२०१६) नुसार तिसऱ्या भूकंपक्षेत्रात मोडणाऱ्या शहरात हा नियम बाजूस सारता येत नाही.

दाटीचा प्रश्नही येथे स्पष्ट दिसतो. २० सळयांचे क्षेत्रफळ स्तंभाच्या छेदाच्या सुमारे ३ टक्के आहे. सर्व सळया एकाच ठिकाणी लॅप केल्यास ते ६ टक्क्यांच्या कमाल मर्यादेला टेकते. निम्म्या केल्या तरी सुमारे ४.५ टक्के होते, तर मानकाची शिफारस ४ टक्क्यांपर्यंतच राहण्याची आहे. स्तंभाच्या आखूड बाजूवर दोन सळयांमधील मोकळी जागा ८५ मिमी असते, ती लॅपच्या ठिकाणी ५३ मिमी उरते. त्यातच जवळजवळ बसवलेल्या रिंगा असतात. अशा जागी खडी अडकून काँक्रीट पोकळ राहण्याचा धोका असतो आणि तो दोष साचा काढल्यावरच दृष्टीस पडतो.

लॅपच ठेवायचा असल्यास एक पर्याय उरतो. काँक्रीट एम ४० केल्यास लॅपची लांबी सुमारे १,१५० मिमी होते व ती मधल्या भागात बसते. मात्र लॅपचे दोन गट एकाच मजल्यात पुरेशा अंतरावर ठेवता येत नाहीत. म्हणून दोन मजले उंचीच्या सळया वापरून प्रत्येक मजल्यावर निम्म्याच सळया जोडाव्या लागतात. जवळजवळ ८ मीटर लांब व ५० किलो वजनाची सळई उभी धरून ठेवणे हे कामगारांसाठी कष्टाचे व जोखमीचे असते. कपलरमध्ये ही अडचण येत नाही.

## खर्चाची तुलना

पुढील तक्त्यात एम ३० काँक्रीट आणि फे ५०० सळया धरल्या आहेत. बसवलेल्या लोखंडाचा दर किलोला ७० रुपये आणि कपलरचा दर दोन्ही टोकांचे आटे व आवळणी यांसह आहे. दोन्ही दर केवळ उदाहरणादाखल मानलेले आहेत.

| व्यास (मिमी) | लॅपची लांबी (मिमी) | लॅपमधील लोखंड (किलो) | लॅपचा खर्च (रु.) | कपलरचा खर्च (रु.) |
|---|---|---|---|---|
| १६ | ७२५ | १.१५ | ८० | १२० |
| २० | ९०५ | २.२४ | १५५ | १६० |
| २५ | १,१३५ | ४.३७ | ३०५ | २२० |
| ३२ | १,४५० | ९.१७ | ६४० | ३५० |

या दरांनुसार २० मिमीच्या आसपास दोन्ही खर्च समान होतात. त्याखाली लॅप स्वस्त पडतो, तर २५ मिमीपासून पुढे कपलर. वरील स्तंभात प्रत्येक मजल्यावर लॅपसाठी सुमारे १२,८०० रुपये आणि कपलरसाठी ७,००० रुपये लागतील. लॅपच्या संपूर्ण लांबीत जवळजवळ द्याव्या लागणाऱ्या जादा रिंगांचा खर्च यात धरलेला नाही.

समानतेचा हा बिंदू स्थिर नसतो. लोखंड महागले की तो बारीक सळयांकडे सरकतो. काँक्रीटची प्रत वाढली की लॅप आखूड होतो व बिंदू जाड सळयांकडे सरकतो. ज्या स्तंभात केवळ दाब येतो आणि भूकंपविषयक मानक लागू नसते, तेथे ३२ मिमीसाठी १,१६० मिमीचा लॅप पुरतो. त्यामुळे बचत कमी होते. आटे पाडण्याचे यंत्र जागेवर आणण्याचा व कारागिराचा खर्च ठरलेला असल्याने थोड्याच जोडांच्या कामात प्रत्येक जोड महाग पडतो. लाद्यांमधील ८ ते १२ मिमीच्या सळयांसाठी कपलर सहसा परवडत नाही.

काही ठिकाणी मात्र किमतीची तुलना गौण ठरते. भूमिगत बांधकामात बाजूची भिंत आधी ओतून तिला नंतर लादी जोडायची असल्यास कपलर भिंतीतच बसवून ठेवतात. त्यामुळे साच्यातून सळया बाहेर काढाव्या लागत नाहीत व खोदकामाच्या यंत्रांच्या वाटेत अडथळाही येत नाही.

## दोष व तपासणी

जोड निकामी होण्याचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे सळई कपलरमध्ये अपुरी शिरणे. एका बाजूस सळई जास्त आणि दुसऱ्या बाजूस कमी गेली, तर बाहेरून जोड पूर्ण दिसतो, पण बल मोजक्याच आट्यांवर येते. यासाठी आट्यांची लांबी ठरवून घेतात व जोड आवळल्यावर कपलरबाहेर किती आटे दिसतात ते दोन्ही बाजूंस पाहतात. एका बाजूस अनेक आटे उघडे दिसल्यास जोड सोडवून पुन्हा बसवावा लागतो.

दुसरे कारण कात्रीयंत्राने कापलेले टोक हे होय. असे टोक चपटे व तिरके होते; त्यावर आटे पूर्ण उमटत नाहीत आणि सळया मध्यभागी भिडत नाहीत. टोपी हरवल्याने आट्यांत साचलेले सिमेंट व गंज हे तिसरे कारण आहे.

सैल जोड तुटत नाही, पण घसरतो. आट्यांमधील मोकळीक भरून निघेपर्यंत सळई सरकते व तेथे काँक्रीटला रुंद भेग पडते. म्हणूनच कपलरसाठीच्या भारतीय मानक १६१७२ (२०१४) मध्ये ताकदीबरोबर घसरणीचीही चाचणी असून तिची मर्यादा ०.१० मिमी आहे. या मानकात कपलरचे एल व एच असे दोन वर्ग केलेले आहेत. तुळई-स्तंभाच्या सांध्याजवळ, जेथे भूकंपात सळई कायमची ताणली जाण्याची शक्यता असते, तेथे सळईची संपूर्ण विहित ताणशक्ती पेलणारा कपलरच मानक १३९२० नुसार चालतो.

कामावरील जोडांचे नमुने प्रयोगशाळेत ताणून तोडले जातात. नळीपासून दूर, मूळ सळईतच तुटणे हे चांगल्या जोडाचे लक्षण मानले जाते. सळई आट्यांतून निसटणे किंवा आट्यांच्या मुळाशी तुटणे हे आटे पाडण्यातील दोषाचे लक्षण असते. अशा वेळी त्या यंत्रावर तयार झालेल्या इतर टोकांचीही तपासणी करावी लागते.

आराखड्यात कपलरचा बाहेरील व्यासही विचारात घ्यावा लागतो. ३२ मिमी सळईचा कपलर सुमारे ४८ मिमी व्यासाचा धरल्यास त्या ठिकाणी आच्छादन ८ मिमीने कमी होते. रिंग कपलरवरून नेल्यास ती तितकीच बाहेर येते; म्हणून रिंगा कपलरच्या वर व खाली बसतील अशा रीतीने त्यांची जागा आधीच ठरवली जाते.

## हेही पाहा

* सलोह काँक्रीट
* भूकंपरोधक बांधकाम